फोटोतल्या मजकुराचं भाषांतर: चूक वाचण्यात झाली की अर्थ लावण्यात?

प्रश्न: औषधासोबत आलेलं जर्मन माहितीपत्रक फोनच्या कॅमेऱ्यातून मराठीत करून बघितलं. काही वाक्यं अगदी चोख आली, काहींना अर्थच नाही, आणि एका वाक्याचा अर्थ मला चक्क उलटा वाटतोय. त्याच कागदाचा पुन्हा फोटो काढला तर भाषांतर बदललं. चूक नेमकी कुठे होते? आणि मला जर्मन येत नाही, तर ती ओळखायची कशी?

उत्तर:

फोटो बदलल्यावर भाषांतर बदललं, ही तुम्ही दिलेली सगळ्यात कामाची माहिती आहे. बहुतेक अ‍ॅपमध्ये भाषांतर करणारा भाग तुमचा फोटो बघतच नाही. त्याच्याकडे फक्त अक्षरांची एक माळ पोचते, आणि तीच माळ पुन्हा दिली तर बहुतेक वेळा तेच भाषांतर येतं. म्हणजे तुमच्या दोन फोटोंमधून दोन वेगळ्या माळा निघाल्या असणार, आणि निदान त्या वाक्यांपुरती तरी गडबड भाषांतराच्या आधीच झालेली असणार. तेव्हा प्रत्येक बिघडलेल्या वाक्याला विचारायचा प्रश्न एकच: हे वाचताना चुकलं, की अर्थ लावताना? एवढं वेगळं काढता आलं, तर जर्मन न येताही बऱ्याच चुका हाताला लागतात.

स्कॅन केलेल्या आणि फोटो काढलेल्या कागदांमधून मजकूर काढून तो भाषांतराकडे पाठवणं हे माझं रोजचं काम आहे. तुम्ही कोणतं अ‍ॅप वापरलंत ते लिहिलेलं नाही, आणि अ‍ॅप, भाषांची जोडी, कागदाची छपाई, उजेड यांवर बरंच काही अवलंबून असतं. त्यामुळे तुमच्या पत्रकातल्या नेमक्या वाक्याचं निदान मी इथून करू शकत नाही. पण या चुका ठरावीक जागीच होतात, आणि त्या जागा सांगता येतात.

पहिला टप्पा मजकूर ओळखण्याचा, ज्याला आपण ओसीआर म्हणतो. त्यातही तीन कामं आहेत. आधी चित्रात मजकूर कुठे आहे ते शोधून प्रत्येक ओळीभोवती चौकट आखली जाते. मग एकेक ओळ कापून तिच्यातली अक्षरं वाचली जातात. शेवटी त्या ओळी कोणत्या क्रमाने जोडायच्या आणि कोणत्या ओळींचा मिळून एक परिच्छेद होतो ते ठरतं. इथे जे हाती येतं ती भाषांतराकडे जाणारी माळ. दुसरा टप्पा म्हणजे भाषांतर. कोणीतरी फोनवर कागद वाचून दाखवतंय आणि पलीकडचा माणूस तो न बघता भाषांतर करतोय, तशी ही रचना आहे. वाचणारा एक शब्द गाळून गेला तर पलीकडच्याला ते कळायला मार्ग नसतो.

आता एक नमुना घेऊ. हा मजकूर मी समजावण्यासाठी रचलाय, पण वाक्यं अशा पत्रकांत असतात त्याच धाटणीची आहेत. कागदावर असं छापलंय समजा:

```
Nehmen Sie dieses Arzneimittel
nicht ein, wenn Sie schwanger sind.
Erwachsene: 2-mal täglich 2,5 ml
Zum Öffnen Deckel nach unten
drücken und drehen.
Nicht über 25 °C lagern.
```

याचा अर्थ असा: तुम्ही गरोदर असाल तर हे औषध घेऊ नका. प्रौढांसाठी दिवसातून २ वेळा २.५ मिली. उघडण्यासाठी झाकण खाली दाबा आणि फिरवा. २५ अंश सेल्सिअसच्या वरच्या तापमानात ठेवू नका.

कागदाला घडी आहे, वर दिव्याची चमक पडली आहे आणि फोटो जरा लांबून काढलाय, अशा वेळी ओळखलेला मजकूर असा येऊ शकतो:

```
Nehmen Sie dieses Arzneimittel

nicht ein, wenn Sie schwanger sind.
Erwachsene: 2-mal täglich 25 ml
Zum Offnen Deckel nach unten
drucken und drehen.
über 25 °C lagern.
```

सहा ओळी, आणि अक्षरांच्या हिशोबाने बघितलं तर जवळजवळ सगळं बरोबर. तरीही चारही सूचनांना धक्का लागलाय, आणि प्रत्येकीचं कारण वेगळं आहे. एकेक बघू.

शेवटच्या ओळीपासून सुरुवात करते, कारण ती सगळ्यात साधी आहे. ओळीच्या सुरुवातीवर चमक पडली, तिथे कागद पांढराफेक झाला, आणि चौकट आखणाऱ्या भागाने ओळ `über` पासून सुरू होते असं धरलं. `Nicht` म्हणजे ‘नाही’, तोच शब्द गळाला. उरलेली ओळ व्याकरणाला धरून आहे, म्हणून भाषांतरही सुरेख येईल: ‘२५ अंशांपेक्षा जास्त तापमानात ठेवा.’ इथे वाचणाऱ्याने कोणतंही अक्षर चुकीचं वाचलेलं नाही. जे त्याला दाखवलंच गेलं नाही ते त्याने वाचलं नाही, इतकंच. गाळलेला शब्द हा चुकीच्या शब्दापेक्षा जास्त धोक्याचा असतो, कारण तो मागे काही खूण ठेवत नाही.

पहिल्या दोन ओळींतला प्रकार याहून फसवा आहे, आणि तुमचं उलट्या अर्थाचं वाक्य बहुधा याच जातीचं असावं. अक्षरं सगळी बरोबर आहेत. फक्त घडीमुळे दोन ओळींत अंतर वाढलं आणि प्रणालीने त्यांना दोन वेगळे परिच्छेद मानलं. जर्मनमध्ये ‘घेणे’ या अर्थाच्या `einnehmen` या क्रियापदाचे वाक्यात दोन तुकडे होतात. `nehmen` हा भाग पुढे येतो, `ein` मागे जातो, आणि ‘नाही’ सांगणारा `nicht` त्या मागच्या तुकड्याच्या जवळ बसतो. पहिली ओळ एकटी वाचली तर तिचा अर्थ ‘हे औषध घ्या’ असा पूर्ण होतो. दुसऱ्या ओळीचं काहीतरी विचित्र होतं, ‘एक नाही, जर तुम्ही गरोदर असाल’ वगैरे. वाचणाऱ्याच्या मनात मात्र वरची स्वच्छ ओळ राहते.

असे तुकडे पडण्यामागे एक व्यवहारी कारणही आहे. कॅमेरा रोखलेला असताना मूळ मजकुराच्या जागी मराठी मजकूर रंगवून दाखवायचा, तर प्रत्येक तुकडा कुठे बसवायचा हे ठरलेलं असावं लागतं. म्हणून चित्रातला मजकूर तुकड्यांत धरला जातो आणि तुकड्यागणिक भाषांतर होतं. सहसा ओळी जोडून परिच्छेद बनवले जातात. पण घडी, वळलेला कागद, ओळींतलं जास्त अंतर किंवा शेजारी असलेला तक्ता, यांपैकी काहीही ती जोडणी बिघडवू शकतं. कॅमेरा हलवला की ही सगळी जुळणी पुन्हा होते, म्हणूनच रोखलेल्या कॅमेऱ्यातलं भाषांतर डोळ्यांदेखत बदलत राहतं.

दोन रकान्यांतल्या मजकुराचंही असंच होतं. डावीकडची अर्धी ओळ वाचून डोळा खाली न उतरता थेट उजवीकडच्या रकान्यात गेला, तर दोन वेगळी वाक्यं एकमेकांत विणली जातात. भाषांतर करणारा भाग त्यातूनही काहीतरी अर्थ काढायचा प्रयत्न करतो. तक्त्यात तर आणखी वाईट. वयोगट एका रकान्यात आणि मात्रा दुसऱ्यात असेल, आणि माळेत आधी सगळी वयं व नंतर सगळ्या मात्रा आल्या, तर कोणती मात्रा कोणाची हे नातंच नाहीसं होतं. शब्द आणि आकडे सगळे अचूक असूनही माहिती चुकीची ठरते. मात्रेचा तक्ता मी कधीच भाषांतरित चित्रावरून वाचत नाही. मूळ तक्ता समोर ठेवून फक्त शीर्षकांचं भाषांतर वापरते.

आता २.५ चे २५ कसे झाले ते बघा. जर्मनमध्ये दशांशासाठी टिंबाऐवजी स्वल्पविराम वापरतात, आणि तो स्वल्पविराम इथे हरवला. थोडा हिशोब करू. २१० मिलिमीटर रुंदीचा कागद ३००० पिक्सेल रुंदीच्या फोटोत पूर्ण भरला असेल, तर एका मिलिमीटरला साधारण १४ पिक्सेल मिळतात. बारीक छपाईत लहान लिपीतलं ‘एक्स’ हे अक्षर १.४ मिलिमीटर उंच धरलं, तर त्याच्या वाट्याला २० पिक्सेल येतात, आणि एवढे पुरतात. तोच फोटो कोणी पुढे पाठवला आणि वाटेत तो १६०० पिक्सेलवर आला, तर त्याच अक्षराला जेमतेम १० ते ११ पिक्सेल उरतात. टेसरॅक्ट या ओसीआर प्रोग्रामसारख्या प्रणालीसाठी १० च्या खाली गेल्यावर फारशी आशा राहत नाही. स्वल्पविराम तर अक्षराच्या पाव उंचीचा. त्याच्या वाट्याला दोन-तीन पिक्सेल उरले आणि फोटो दाबून साठवताना तेही पुसट झाले, तर तो कागदावरचा ठिपका समजून सहज गाळला जातो.

पण शब्दही तेवढ्याच बारीक छापलेले असतात, मग तिथे इतक्या चुका का होत नाहीत? कारण आजची ओसीआर प्रणाली सुटं अक्षर वाचत नाही. ती ओळीचा पट्टा सलग वाचते, आणि त्या भाषेत कोणत्या अक्षरानंतर कोणतं येतं याची तिला सवय झालेली असते. टेसरॅक्टमध्ये हा बदल २०१८ मधल्या चौथ्या आवृत्तीपासून आला. शब्दातलं एखादं अक्षर पुसट असलं तरी आजूबाजूच्या अक्षरांवरून ते सावरलं जातं. आकड्यांना असा आधार नसतो. २.५ आणि २५ हे दोन्ही तितकेच संभवनीय आकडे आहेत, दोघांनाही ‘चुकीचं स्पेलिंग’ म्हणता येत नाही. म्हणून शब्द चांगले आले यावरून आकडेही चांगले आले असतील असा अंदाज करू नका. हीच गोष्ट औषधांची नावं, बॅच क्रमांक, पत्ते यांची. तिथे तर सवयीमुळे उलटा त्रास होतो. अनोळखी नाव जवळच्या ओळखीच्या शब्दाकडे ओढलं जातं.

राहिलं झाकण. `drücken` म्हणजे दाबणे आणि `drucken` म्हणजे छापणे. फरक फक्त वरच्या दोन टिंबांचा. ती टिंबं फोटोत गेली असतील, किंवा मजकुराची भाषा चुकून इंग्रजी निवडली गेली असेल. इंग्रजीवर शिकवलेल्या ओळखीला अशी टिंबांची अक्षरं सहसा माहीतच नसतात, ती जवळचं साधं अक्षर देते. पूर्ण वाक्य मिळालं तर भाषांतर इथे सावरून घेऊ शकतं, कारण झाकण खाली ‘छापायला’ कोणी सांगत नाही. पण ओळ तुटून `drucken und drehen` एवढंच मिळालं तर सावरायला आधार राहत नाही. आपल्याकडे देवनागरीत अनुस्वार, रफार आणि खालच्या-वरच्या मात्रा हीच नाजूक जागा आहे. मराठी पाटीचं दुसऱ्या भाषेत भाषांतर करायला गेलात तर आधी त्याच तपासा.

दोन टप्प्यांच्या सांध्यात आणखी एक निर्णय होतो आणि तो बहुतेकांच्या नजरेतून सुटतो: ही भाषा कोणती? मजकूर मोठा असेल तर तो सहसा बरोबर ठरतो. एखादाच शब्द असेल तर तो जवळजवळ अंदाज असतो. डब्यावर फक्त `Gift` असं छापलं असेल आणि ते इंग्रजी धरलं गेलं तर मराठीत ‘भेटवस्तू’ येईल. जर्मनमध्ये त्याचा अर्थ ‘विष’. देवनागरीतही हा धोका आहे. हिंदी पाटीवरचं ‘शिक्षा’ मराठी समजून वाचलं तर शिक्षणाचा दंड होतो. म्हणून भाषा माहीत असेल तेव्हा ती आपोआप ओळखायला सोडू नका, हाताने निवडा. तुमच्या बाबतीत हे लगेच करण्यासारखं आहे.

आता दुसऱ्या टप्प्याकडे येते. समजा माळ अगदी निर्दोष आहे. तरीही भाषांतर चुकू शकतं, आणि त्याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे संदर्भ न पोचणं. पत्रकात `Einnahme` असं एक शीर्षक असू शकतं. तुम्हाला खोकं दिसतंय, बाटली दिसतेय, त्यामुळे ते औषध घेण्याबद्दल असणार हे तुम्ही ओळखाल. भाषांतराला फक्त सात-आठ अक्षरं मिळाली आहेत, आणि त्या शब्दाचा दुसरा अर्थ ‘उत्पन्न’, ‘जमा’ असा आहे. शीर्षकं, बटणं, तक्त्यातल्या चौकटी अशा एकेकट्या शब्दांचं भाषांतर म्हणूनच मजकुराच्या मधल्या वाक्यांपेक्षा जास्त वेळा चुकतं. तुमची ‘अर्थ नसलेली’ वाक्यं पत्रकात कुठे होती ते पाहा. शीर्षकं आणि तक्ते यांत जास्त असतील तर कारण हेच असण्याची शक्यता मोठी.

दुसरं कारण वाटेतल्या भाषेचं. जर्मन आणि मराठी यांच्यात समोरासमोर ठेवता येईल असा भाषांतरित मजकूर फार थोडा आहे. त्यामुळे अनेक प्रणाली जर्मनमधून इंग्रजीत आणि इंग्रजीतून मराठीत अशी दोन पावलं टाकतात, किंवा ज्या थेट करतात त्यांनाही मराठीची तालीम मुख्यतः इंग्रजीतूनच मिळालेली असते. दोन पावलं म्हणजे अर्थ घसरायच्या दोन जागा. `nüchtern einnehmen` म्हणजे रिकाम्या पोटी घ्यावे. मधे इंग्रजीत ‘फास्टिंग’ झालं की मराठीत ‘उपवास करताना घ्या’ असं उतरू शकतं. त्याच शब्दाचा ‘दारू न प्यायलेला’ हाही अर्थ आहे, तो निवडला गेला तर वाक्य आणखीच भलतीकडे जातं.

तिसरं कारण आकड्यांचं, आणि ते थोडं अनपेक्षित आहे. `1.000 mg` हे वाचताना काहीही चुकलं नाही आणि भाषांतराने तो आकडा जसाच्या तसा पुढे दिला. पण जर्मनमध्ये ते टिंब हजाराची फोड दाखवतं. मूळ अर्थ एक हजार मिलिग्रॅम, आणि मराठी वाचकाला दिसतं एक पूर्णांक शून्य शून्य शून्य. दोन्ही टप्प्यांनी आपापलं काम केलं आणि तरीही वाचणाऱ्यापर्यंत चुकीचा आकडा गेला. आकड्यांत टिंब किंवा स्वल्पविराम दिसला की मूळ देशात तो कशासाठी वापरतात हे बघावंच लागतं.

या सगळ्यात एक गोष्ट मला खरोखर चिंतेची वाटते. २०१६ च्या सुमारास मोठ्या भाषांतर सेवा न्यूरल पद्धतीकडे वळल्या. त्याआधीच्या पद्धतीत वाईट मजकूर दिला की वाईट, तुटकी वाक्यं यायची, आणि तो तुटकपणाच इशारा असायचा. आता बिघडलेल्या मजकुरातूनही सफाईदार वाक्य तयार होतं. शिवाय ओसीआरला स्वतःच्या वाचनाबद्दल जी शंका असते ती पुढे जात नाही. प्रत्येक शब्दाला ती खात्रीचा एक अंक देते, पण माळ भाषांतराकडे जाताना फक्त अक्षरं जातात, अंक मागे राहतात. ५५ टक्के खात्रीने वाचलेला शब्द आणि ९८ टक्के खात्रीने वाचलेला शब्द पलीकडे सारखेच दिसतात. म्हणून ‘वाक्य ओघवतं आहे’ हा भरवशाचा पुरावा धरू नका.

आता तुमच्या पत्रकाचं काय करायचं ते. कॅमेरा रोखून दिसणारं भाषांतर सोडून द्या आणि स्थिर फोटो काढा. कागद सपाट, उजेड बाजूने, एका वेळी एकच परिच्छेद किंवा एकच रकाना चौकट भरून. फोटो मूळ आकारातच वापरा, कोणी पाठवलेली प्रत नको. मग अ‍ॅपमध्ये मूळ मजकूर दाखवायची किंवा तो निवडून कॉपी करायची सोय शोधा. हाच तो मधला मजकूर, आणि सगळी तपासणी इथे होते.

हा मजकूर कागदाशी ताडून बघायला जर्मन यावं लागत नाही. तुम्ही अर्थ तपासत नाही, आकार तपासताय. सगळं वाचत बसू नका. आधी आकडे, त्यांतले स्वल्पविराम आणि एकके. मग अक्षरांवरची टिंबं. मग प्रत्येक ओळीचा पहिला आणि शेवटचा शब्द, कारण गळती बहुतेक कडांनाच होते. आणि `nicht`, `kein`, `ohne`, `nur` हे चार शब्द कागदावर जितक्या वेळा आहेत तितक्याच वेळा मधल्या मजकुरात आहेत का ते मोजा. त्यांचे अर्थ अनुक्रमे नाही, एकही नाही, शिवाय आणि फक्त. `kein` हा शब्द `keine`, `keinen` अशा रूपांतही भेटतो. हे शब्द गळले की सूचना उलटी होते किंवा तिची मर्यादा नाहीशी होते.

चुका दुरुस्त केल्यावर ओळी जोडा. वाक्य जिथे संपतं तिथेच नवी ओळ, मधे नाही. ओळीच्या शेवटी जोडरेघ देऊन तोडलेला शब्द असेल, जसं `Arznei-` आणि खाली `mittel`, तर रेघ काढून एकच शब्द करा. नाहीतर ‘औषध’ या शब्दाचे दोन तुकडे होतात आणि खालच्या तुकड्याचं ‘साधन’ वगैरे काहीतरी होतं. आता हा स्वच्छ मजकूर त्याच सेवेत, फोटोशिवाय, मजकूर म्हणून टाका.

निकाल असा वाचायचा. अक्षरं दुरुस्त करावी लागली आणि भाषांतर सुधारलं, तर दोष ओळखण्याचा होता. अक्षरं आधीच बरोबर होती आणि फक्त ओळी जोडल्यावर सुधारलं, तर दोष मांडणीचा होता. स्वच्छ, जोडलेला मजकूर देऊनही अर्थ तसाच विचित्र राहिला, तर दोष भाषांतराचा. तसं झालं तर तोच मजकूर इंग्रजीत करून बघा. इंग्रजी नीट आणि मराठी विचित्र असेल, तर घसरण शेवटच्या पावलात झाली, आणि तुम्ही इंग्रजीवरून काम भागवू शकता. इंग्रजीही विचित्र असेल, तर एकट्या शब्दाला आजूबाजूचं वाक्य जोडून द्या. `Einnahme` ऐवजी `Einnahme des Arzneimittels` दिलं तर पैशाचा अर्थ बाजूला पडतो.

संगणक हाताशी असेल तर टेसरॅक्ट मोफत आहे आणि मधला मजकूर त्यात लपलेला नसतो:

```
tesseract photo.png out -l deu --psm 6 txt tsv
```

इथे `deu` म्हणजे जर्मन. तिची फाइल वेगळी बसवावी लागू शकते. `--psm 6` म्हणजे चित्रात मजकुराचा एकच सलग ठोकळा आहे असं सांगणं, म्हणून एकच परिच्छेद कापून द्या. `out.txt` मध्ये मजकूर येतो आणि `out.tsv` मध्ये `conf` या रकान्यात प्रत्येक शब्दाच्या खात्रीचा अंक. त्या रकान्यात जे शब्द इतरांपेक्षा ठळकपणे खाली आहेत ते आधी बघा. मात्र चमकेखाली गेलेल्या शब्दाला अंकच मिळत नाही, तेव्हा कडा तपासण्याचं काम तरीही उरतंच.

हल्ली काही प्रणाली चित्र घेऊन एकाच दमात भाषांतर देतात, मधे वेगळी माळ बनवत नाहीत. त्यांना बाटली दिसते, त्यामुळे `Einnahme` सारख्या जागी त्या जास्त वेळा बरोबर ठरतात. पण पुसट शब्द न वाचता तिथे काय असायला हवं याचा अंदाज भरण्याची शक्यता त्यांच्यातही असते, आणि मधला मजकूर नसल्याने तो अंदाज पकडता येत नाही. अशी प्रणाली वापरायचीच असेल तर आधी फक्त मूळ मजकूर ओळीओळीने लिहून मागा, तो वरच्यासारखाच ताडा, आणि भाषांतर त्यानंतर मागा.

उलटं भाषांतर करून, म्हणजे मराठी पुन्हा जर्मनमध्ये नेऊन तपासण्याचा सल्ला तुम्हाला मिळेल. त्याचा उपयोग अर्धाच आहे. शब्द गळला असेल तर मूळ कागदाशी तुलना केल्यावर तो दिसतो, हे खरं. पण ‘उपवास करताना’ हे उलट नेलं तर परत `nüchtern` मिळू शकतं आणि सगळं ठीक आहे असं वाटतं, कारण जाताना जी गल्लत झाली तीच येताना उलटी होऊन झाकली जाते. मजकूर नीट ओळखलेला, ओळी जोडलेल्या, भाषांतर ओघवतं आणि तरीही चुकीचं, ही एक जात अशी आहे की ती भाषा न जाणणाऱ्याला या कोणत्याही चाचणीने सापडत नाही. तुमच्या पत्रकात मात्रा, ‘घेऊ नका’ची वाक्यं आणि दुसऱ्या औषधांबरोबर घेण्याबद्दलचा भाग एवढा मजकूर मधल्या मजकुरासह वेगळा काढून औषधविक्रेत्याला किंवा डॉक्टरांना दाखवा. औषधातल्या घटकाचं नाव आणि मिलिग्रॅमचा आकडा मूळ छपाईतून दाखवलात तर जर्मन न येताही ते त्यावरून मात्रा पडताळू शकतात.